स्टाइल गाइड आहे, तरी प्रत्येक कॅप्शन वेगळ्या माणसाचं वाटतं: कारण आणि दुरुस्ती

लक्षण

कंपनीच्या सोशल मीडिया पेजवरच्या कॅप्शनांबद्दल तक्रार बहुतेक वेळा अशी येते: "आमच्याकडे स्टाइल गाइड आहे. सगळ्यांनी वाचलेलं आहे. तरी पेज खाली सरकवत गेलं की चार वेगळी माणसं बोलताना ऐकू येतात. बसून सगळं सारखं केलं की थोडे दिवस बरं चालतं. मग टीममध्ये कुणी नवीन येतं आणि पुन्हा तेच."

यातलं शेवटचं वाक्य कामाचं आहे. दोन-तीन माणसं शेजारी बसून लिहीत असतात तेव्हा गाइड लागतच नाही. एकाने वाक्य मोठ्याने वाचलं की दुसरी "असं नको" म्हणते, थोडी घासाघीस होते आणि विषय मिटतो. मिटलेले हे विषय कुठेही लिहिले जात नाहीत. चौथ्या माणसाच्या हातात गाइड पडतं तेव्हा त्यात ते नसतात. त्यात विशेषणं असतात: आपुलकीचं, स्पष्ट, विश्वासार्ह, थोडं खेळकर. या चार शब्दांवरून वाक्य कसं लिहायचं हे कुणालाच कळत नाही, म्हणून तो माणूस शहाणपणाने पेज उघडतो, अलीकडची आठ-दहा कॅप्शनं वाचतो आणि त्यांच्यासारखं लिहितो. पण त्यातली निम्मी त्याच्या आधी आलेल्या माणसाने अशीच बघून लिहिलेली असतात. नकलेची नक्कल होत धाटणी हळूहळू सरकते. कुणा एकाचं काही चुकलेलं नसतं, त्यामुळे कुणाला समज देऊनही उपयोग होत नाही.

आधी तपासा: बिघाड नेमका कुठे आहे

अलीकडची वीसेक कॅप्शनं एका शीटमध्ये घ्या. चित्रं, तारखा, लिहिणाऱ्याचं नाव, सगळं काढा आणि क्रम उलटसुलट करा. मग हिशेब बघणारी किंवा कोड लिहिणारी अशी दोन माणसं बोलवा, ज्यांनी ही कॅप्शनं लिहिलेली नाहीत. त्यांना सांगा, "एकाच माणसाने लिहिलेली वाटतात ती एका गटात टाका." लेखकांनाच हे काम दिलं तर निकाल फसवा येतो. अमुक विषयावर कुणी लिहिलं होतं हे त्यांना आठवत असतं आणि ते आठवणीवरून ओळखतात.

गट खऱ्या लेखकांशी बऱ्यापैकी जुळले तर धाटणी कंपनीची नाही, व्यक्तींची आहे. गट जुळलेच नाहीत तर तक्रार दुसऱ्या कशाबद्दल तरी आहे. बहुधा चित्रांची मांडणी वेगवेगळी असते आणि दोष कॅप्शनला लागतो.

या चाचणीत गटांपेक्षा मोलाचा असतो तो शीटमधला शेवटचा रकाना: "कशावरून वाटलं?" प्रत्येक गटापुढे हे लिहून घ्याच. उत्तरं फार थेट येतात. "याला दोन-दोन उद्गारचिन्हं लागतात." "ही 'तू' म्हणते." "हा 'सदर' लिहितो." "याचं सगळं जाहिरातीसारखं आहे, कळत काहीच नाही." तुमच्या नव्या गाइडचा कच्चा माल हाच आहे. चांगल्या गाइडमध्ये तत्त्वांपेक्षा मिटवलेले वाद जास्त असतात. ज्याबद्दल तुमच्या टीममध्ये खरोखर दोन मतं पडतात तेवढंच त्यात हवं. सगळे आपसूक जे बरोबर करतात ते लिहून पान भरू नये.

रकान्यातली उत्तरं तीन ढिगांत जातात: लिहिण्याच्या सवयी, वाचकाशी नातं आणि दावा करण्याची पद्धत. पहिला ढीग सगळ्यात आधी डोळ्यात भरतो आणि सगळ्यात सोपा असतो. तिसरा कुणाच्या चटकन लक्षात येत नाही, पण वाचकाचा विश्वास तिथेच जातो.

पहिला ढीग: लिहिण्याच्या सवयी

इथे चर्चा नको, यादी हवी. "केले" की "केलं", आकडे देवनागरी की इंग्रजी, "अपडेट" की "नवी आवृत्ती", सुविधेचं नाव अवतरणात की तसंच. प्रत्येकाचं एक उत्तर ठरवा आणि पुढे जा. "केलं" निवडलं तर "सांगितलं, दिलं, असं, तसं" सगळं त्याच मापाने. अर्धं वाक्य बोलीत आणि अर्धं ग्रंथात असलं की दोन माणसांनी मिळून लिहिल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही म्हणून सांगतो. "ॲप"मधला "ॲ" दोन-तीन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड U+0972 हे स्वतंत्र अक्षर देतात. काही "अ"वर चंद्र बसवतात, कधी मध्ये न दिसणारं जोडचिन्ह (U+200D) घालून, कधी न घालता. पडद्यावर सगळं जवळपास सारखंच दिसतं, पण शोधताना एक प्रकार टाकला की दुसरा सापडत नाही. मग जुनी कॅप्शनं तपासताना निम्मी निसटतात आणि हॅशटॅगही दोन तयार होतात. शीटमध्ये हे एका सूत्राने सरळ होतं:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,"अ"&UNICHAR(8205)&"ॅ","ॲ"),"अॅ","ॲ")
```

हा ढीग एवढाच. चाचणीत फक्त याच प्रकारची उत्तरं आली असतील तर शब्दांची यादी करून थांबा. बैठक बोलवू नका.

दुसरा ढीग: वाचकाशी नातं

इथे माणसं खरी भांडतात आणि भांडावंही, कारण निवड खरी आहे. "तू" जवळचं वाटतं, "तुम्ही" अंतर ठेवतं, असा वाद सहसा होतो. पण कॅप्शनपुरतं निर्णायक कारण व्याकरणात आहे. "तू" घेतलं की क्रियापदाला वाचक स्त्री आहे की पुरुष हे ठरवावंच लागतं: "विसरलास" की "विसरलीस", "बघतोस" की "बघतेस". मग कुणी तिरकी रेघ मारून दोन्ही रूपं लिहितं, कुणी सगळ्यांना पुरुष धरतं, कुणी वाक्यच वाकडं करून ते टाळतं. तीन लेखक, तीन पळवाटा. "तुम्ही विसरलात", "तुम्ही बघता" यात हा प्रश्न उरतच नाही. अंतर कमी करायचं असेल तर ते लहान वाक्यांनी आणि साध्या शब्दांनी करता येतं, सर्वनामाकडून ते काम करवून घ्यायची गरज नाही.

"आपण" जास्त घोटाळ्याचं. ते आदराने वाचकाला म्हटलेलं असू शकतं किंवा "तुम्ही आणि आम्ही मिळून" अशा अर्थाचं. "आपण ही सुविधा बदलली आहे" हे वाचून नेमकं कुणी बदलली? टीममधल्या एकाच्या मनात पहिला अर्थ असतो, दुसरीच्या मनात दुसरा, आणि दोघं आपापल्या परीने नियम पाळत असतात. म्हणून सोपं ठेवा: वाचक "तुम्ही", कंपनी "आम्ही", "आपण" वर्ज्य. "मी"सुद्धा नको. खातं अनेक जण चालवत असतील तर हा "मी" रोज बदलतो.

क्रियापदाचंही ठरवून टाका. "करावे" हे सूचनाफलकाचं, "कराल" हे लाडीगोडीचं, "करू शकता" हे सगळ्यात पसरलेलं. "करा" पुरे. "करू शकता" तेव्हाच लिहा जेव्हा वाचकाने ते केलं नाही तरी काही अडत नाही.

जुन्या कॅप्शनांत "तू" कुठे कुठे आहे ते गूगल शीट्समध्ये असं दिसेल:

```
=REGEXMATCH(A2,"(^|\s)(तू|तुला|तुझ)")
```

आधी जागा सोडायची अट मुद्दाम आहे. ती नसेल तर "वस्तू" आणि "हेतू"सुद्धा पकडले जातात. तरी हे सूत्र सर्वनाम नसलेली वाक्यं सोडून देतं. "अपडेट कर आणि बघ" यात "तू" कुठेच नाही, पण आहेच. तेवढं डोळ्यांनी वाचावं लागतं.

तिसरा ढीग: दावा कसा करता

वेबसाइटी लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या नीलसन नॉर्मन ग्रुपने लिखाणाचा सूर मोजण्यासाठी चार पट्ट्या सुचवल्या आहेत: विनोदी ते गंभीर, औपचारिक ते अनौपचारिक, आदरशील ते बेदरकार, उत्साही ते कोरडी माहिती. वाद घालायला त्या उपयोगी आहेत, कारण "मला हे आवडलं नाही" याच्याऐवजी "हे फार उत्साही झालंय" असं म्हणता येतं. पण गाइडमध्ये "उत्साह: पाचपैकी तीन" असं लिहून ठेवलं तर तीन म्हणजे काय हे जो तो आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवतो. मूळ दुखण्यावर त्याने काही होत नाही.

त्यापेक्षा दावा पकडा. "आता काम झालं अधिक सोपं" हे वाक्य एकाला उत्साही वाटतं, दुसरीला पोकळ. दोघांनाही पटेल असा प्रश्न एकच: कशापेक्षा सोपं? उत्तर असेल तर ते वाक्यात आणा: "आधी तीन वेळा दाबावं लागायचं, आता एकदाच." उत्तर नसेल तर विशेषण काढा. या एका नियमाने जितकी कॅप्शनं एका धाटणीत येतात तितकी सूर वर-खाली करून येत नाहीत. सगळे लेखक एकाच प्रकारची माहिती शोधायला लागतात आणि माहितीच वाक्याचा घाट ठरवते.

एक उदाहरण, पूर्ण

समजा कामांची यादी ठेवणारं आणि त्या कामांची वेळेवर आठवण करून देणारं एक ॲप आहे. नवी सोय अशी: या आठवणी ठरावीक तारखेपर्यंत थांबवून ठेवता येतात. तिघांना एकच माहिती दिली. पहिला ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं देणारा:

> वापरकर्त्यांच्या सोयीसाठी आम्ही 'थांबवा' ही सुविधा सादर करीत आहोत. सदर सुविधेचा लाभ घेण्यासाठी ॲप अद्ययावत करावे.

दुसरी, पेज चालवणारी:

> सुट्टीवर आहेस आणि फोन ओरडतोय? 😩 आता नाही!! पॉज बटण आलंय, लगेच अपडेट मार 🔥🔥

तिसरा, जाहिरातींमधून आलेला:

> तुमची शांतता. तुमच्या अटी. आता आठवणी चालतील तुमच्या तालावर, पूर्वी कधीच नव्हत्या अशा.

पहिल्यात चूक काहीच नाही, पण वाचकाला नेमकं काय मिळालं ते कळत नाही. दुसरीने प्रसंग अचूक पकडला आहे, मात्र "पॉज" असं बटण ॲपमध्ये कुठेच नाही. तिथे "थांबवा" लिहिलेलं आहे. वाचक शोधत बसेल आणि मग पहिल्या लेखकाला पत्र लिहील. तिसऱ्यात माहिती शून्य आहे. ते कॅप्शन उद्या दुसऱ्या कुठल्याही सोयीला चिकटवता येईल, आणि माझ्या मते कॅप्शन नापास करायला एवढं कारण पुरेसं आहे.

तिघांनी मिळून जे ठरवलं ते असं:

> सुट्टीवर जाताय? आठवणी तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवून ठेवा. यादी उघडा, 'थांबवा' दाबा आणि परत येण्याची तारीख निवडा. त्या दिवशी सगळ्या आठवणी आपोआप सुरू होतील. यासाठी ॲपची नवी आवृत्ती लागेल. सामायिक याद्यांवर ही सोय अजून नाही.

पहिलं वाक्य दुसऱ्या लेखिकेकडून आलं, फक्त "तुम्ही" होऊन. शेवटची दोन पहिल्या लेखकाने आग्रहाने घातली, कारण सामायिक याद्यांबद्दल पत्रं त्यालाच येणार होती. तिसऱ्याचं वाक्य एकही राहिलं नाही, पण लय त्याने बसवली: लांबलचक दोन वाक्यांची चार लहान त्यानेच केली. संपादन इथे संपवलं असतं तर एक बरं कॅप्शन मिळालं असतं. गाइड मिळालं ते प्रत्येक बदलाचं कारण लिहून काढल्यावर.

त्यातून निघालेलं गाइड

एका पानावर मावलेलं ते पान असं. तुमचं वेगळं होईल, कारण तुमचे वाद वेगळे असतील.

> १. वाचक "तुम्ही", कंपनी "आम्ही". "तू", "आपण", "मी" नाही. कारण: लिंग ठरवावं लागत नाही आणि कोण बोलतंय हे स्पष्ट राहतं.
>
> २. सुरुवात वाचकाच्या प्रसंगाने किंवा कामाने. "आम्ही सादर करीत आहोत"ने नाही. कारण: फीडमध्ये सुरुवातीचाच भाग दिसतो.
>
> ३. सूचना "करा" या रूपात, ज्या क्रमाने हात चालतो त्या क्रमाने.
>
> ४. बटणाचं, सोयीचं नाव पडद्यावर आहे तेच, अवतरणात. लाडाचं नाव नाही.
>
> ५. "सोपं, जलद, चांगलं" लिहिलं तर कशापेक्षा ते त्याच वाक्यात. सांगता येत नसेल तर शब्द काढा.
>
> ६. मर्यादा असेल तर कॅप्शनमध्येच, शेवटी, साध्या वाक्यात. प्रतिक्रियांमध्ये उलगडायला ठेवू नका.
>
> ७. उद्गारचिन्ह नाही. इमोजी फार तर एक, शेवटी.
>
> ८. बिघाड, उशीर, माफी: विनोद नाही, इमोजी नाही. काय झालं, कुणाला, आता काय करायचं, पुढे कधी सांगू. याच क्रमाने.

दुसऱ्या नियमाबद्दल थोडं. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत जाऊ शकतं, पण फीडमध्ये सुमारे १२५ अक्षरांनंतर बाकीचं झाकलं जातं. आणि इथे अक्षर म्हणजे संगणक मोजतो ते: "कि" ही दोन, "स्त्री" ही सहा. त्यामुळे मराठीत डोळ्यांना वाटते त्यापेक्षा जागा लवकर संपते. "वापरकर्त्यांच्या सोयीसाठी आम्ही" एवढं लिहीपर्यंत त्यातली तीसेक गेलेली असतात.

आठव्या नियमाला उदाहरण द्यावंच लागतं, कारण वाईट बातमीच्या वेळी प्रत्येक जण आपल्या मूळ स्वभावावर जातो. ईमेल पाठवण्याची सेवा देणाऱ्या मेलचिंप कंपनीच्या खुल्या स्टाइल गाइडमध्ये एक भेद नीट मांडला आहे: धाटणी कायम तीच असते, सूर प्रसंगाप्रमाणे बदलतो. हे ऐकायला सोपं, करायला अवघड. बिघाडाच्या दिवशी खेळकर लेखिका असं लिहिते:

> अरेरे, आठवणींनी आज थोडी विश्रांती घेतली 😅 काळजी नको, टीम कामाला लागली आहे!

ज्याचं काम त्या दुपारी हुकलं त्याला हे झोंबतं. उलट टोकाचा लेखक "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढंच लिहून मोकळा होतो. गाइडप्रमाणे:

> आज दुपारी २ ते ४ या वेळेतल्या काही आठवणी पोचल्या नाहीत. बिघाड दुरुस्त झाला आहे. त्या वेळेतली कामं 'राहिलेली' या यादीत आहेत, एकदा बघून घ्या. कारण शोधतो आहोत. उद्या दुपारी १२ वाजता इथेच लिहू.

सुट्टीच्या कॅप्शनशेजारी हे ठेवून बघा. तेच "तुम्ही", तीच लहान वाक्यं, तेच अवतरणातलं नाव, तसाच थेटपणा. फक्त हसू काढून घेतलं आहे.

गाइडसोबत नमुने लावा, नाहीतर पुन्हा सरकेल

नियम लिहिले तरी माणसं नक्कल करून शिकणारच. ते थांबवता येत नाही, पण नक्कल कशाची करायची हे ठरवता येतं. गाइडच्या मागच्या पानावर पाच-सहा कॅप्शनं लावा: एक नव्या सोयीचं, एक बिघाडाचं, एक वापराची युक्ती सांगणारं, एक टीमबद्दलचं, एक कुणाच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. प्रत्येकाखाली एका ओळीत, हे का निवडलं. सगळी एकाच लेखकाची नकोत. तशी असतील तर ती कंपनीची धाटणी न होता त्या लेखकाची होते आणि तो नोकरी सोडून गेला की पुन्हा पहिल्यापासून.

नव्या माणसाला सांगून टाका की पेजवरची अलीकडची कॅप्शनं बघून लिहू नकोस, ही नमुन्याची बघून लिही. जुनी कॅप्शनं बदलायच्या भानगडीत पडू नका. त्यात वेळ जातो आणि वाचक मागे जाऊन वाचत नाहीत.

गाइड चालतं का, हे कसं कळेल

ते वाचून "छान आहे" म्हणणाऱ्यांवरून कळत नाही. एखाद्या सोयीची कोरडी माहिती घ्या: काय बदललं, कुणासाठी, काय करायचं, काय होत नाही. तिघांना ती आणि गाइड द्या आणि एकमेकांना न दाखवता लिहायला सांगा. तिन्ही कॅप्शनं शेजारी ठेवा. शब्द वेगळे असतील, असावेतच. पण वाचकाला हाक, माहितीचा क्रम आणि दाव्याची पद्धत सारखी हवी. जिथे तिघं तीन वाटांनी गेले तिथे नियम नाही किंवा आहे पण संदिग्ध आहे.

टीममध्ये नवीन माणूस आलं की त्याला पहिल्याच आठवड्यात हेच करायला द्या. नवा माणूस हा गाइडचा सगळ्यात प्रामाणिक परीक्षक असतो, कारण जुन्यांच्या डोक्यातले न लिहिलेले नियम त्याला माहीत नसतात.

तरी पुन्हा होत असेल तर

संपादन कसं चालतं ते बघा. एक साधी अट लावा: संपादकाने केलेल्या प्रत्येक बदलापुढे नियमाचा आकडा लिहायचा. "२" म्हणजे सुरुवात बदलली, "५" म्हणजे पोकळ विशेषण काढलं. आकडा लिहिता आला नाही तर तो बदल संपादकाच्या आवडीचा आहे आणि तो मागे घ्यायचा. ही अट वरिष्ठांना पहिले काही दिवस जड जाते. पण हिच्याशिवाय गाइडपेक्षा संपादकाची मर्जी मोठी ठरते, लेखक तीच ओळखायला शिकतात, आणि संपादक रजेवर गेला की कॅप्शनं मूळ पदावर.

महिनाअखेरीस हे आकडे मोजले की दुखणं स्वतःच बोलतं. एकच आकडा एकाच लेखकापुढे वारंवार दिसला तर त्याच्याशी बोला. बहुधा नियम त्याला पटलेला नसतो, आणि कधीकधी त्याचंच बरोबर असतं. एकच आकडा सगळ्यांपुढे दिसला तर नियम नीट लिहिलेला नाही. त्याला "असं लिहा, असं नको" अशी जोडी जोडा. मागे घेतलेले, आकडा नसलेले बदल एकाच प्रकारचे यायला लागले तर तिथे नवा वाद तयार झाला आहे. तो बसून मिटवा आणि नियम करा. पण पान एकच. नवा नियम आत घ्यायचा तर जो आता कुणीच मोडत नाही तो बाहेर काढायचा. गाइड पाच पानांचं झालं की ते उघडलंच जात नाही.

उलटा बिघाडही होतो: सगळी कॅप्शनं "…जाताय? …करा. …निवडा." अशी एकाच साच्यातून निघाल्यासारखी. हे दुसऱ्या नियमाचा "प्रसंगाने सुरुवात" हा भाग "प्रश्नाने सुरुवात" असा वाचला गेल्याचं लक्षण आहे. नमुन्यांतली दोन-तीन कॅप्शनं प्रश्नाने सुरू होत असतील तर एक ठेवून बाकीची बदला. नियमाला हात लावायची गरज नाही. नक्कल नमुन्याची होते हे इथेही तितकंच खरं.

आणि एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते: माहिती लेखकापर्यंत कशी पोचते. सोय बनवणाऱ्यांकडून "आता वापरकर्त्यांना अधिक नियंत्रण मिळेल" अशी तयार ओळ आली की तीच ओळ थोडी फिरवून कॅप्शनमध्ये येते, मग लेखक कुणीही असो आणि गाइड कितीही चांगलं असो. त्यांच्याकडून वाक्य मागू नका, वर सांगितलेल्या चार प्रश्नांची उत्तरं मागा: काय बदललं, कुणासाठी, काय करायचं, काय होत नाही. चौथं उत्तर रिकामं आलं तर लिहायला बसण्याआधी परत पाठवा. "सामायिक याद्यांवर चालत नाही" ही माहिती कॅप्शन गेल्यावर कळली की त्याखाली सारवासारव करायला जो आधी पोचतो तो आपल्याच धाटणीत करतो.